आसिया: एका नावाखालच्या चार ओळी

आमच्या ठाणे-कल्याण पट्ट्यात अकीक्याच्या दिवशी आता एक नवी रीत रुळली आहे. बाळाच्या पाळण्याशेजारी एक चौकट ठेवतात. वर उर्दूत बाळाचे नाव, त्याखाली मराठीत आणि इंग्रजीत तेच नाव, आणि सगळ्यात खाली दोन-चार ओळींत नावाचा अर्थ. येणारे पाहुणे आधी बाळ बघतात, मग चौकट वाचतात, मग चौकटीचा फोटो काढून गावाकडच्या नातेवाइकांना पाठवतात. मौलानांनी दुआ केली की नाव ठेवणे पार पडले, पण खानदानात ते नाव पोहोचते ते या चौकटीमुळे.

आम्ही दोघे नवरा-बायको शिक्षक. राबोडीला राहतो, एक उर्दू शाळेत शिकवतो, एक मराठी. त्यामुळे या चार ओळी लिहून देण्याचे काम नात्यातले लोक आमच्याकडेच सोपवतात. काम सोपे वाटते. पण या चार ओळींत तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात: शब्दाचा अर्थ काय, ते नाव कोणाचे होते, आणि आपण ते का ठेवले. बहुतेक चौकटींत या तिन्हींची खिचडी होते, आणि मग ऐन समारंभात कोणीतरी विचारतो, "हा अर्थ कुठून आणला?" आमच्या घरातल्याच एका नावाची हकीकत सांगतो, म्हणजे हे नीट कळेल.

धाकट्या बहिणीला कल्याणला मुलगी झाली, मंगळवारी सकाळी. आपल्याकडे जन्माचा दिवस पहिला धरतात, म्हणून सातवा दिवस सोमवारी आला. नाव मुलीच्या वडिलांनी आधीच ठरवले होते: आसिया. कारण त्यांनी कोणाला फारसे सांगितले नव्हते, पण आम्हाला माहीत होते. हे आठ महिन्यांचे असताना त्यांची आई वारली. खालाने त्यांना उचलून आपल्या घरी नेले आणि आपल्या तीन लेकरांत चौथे म्हणून वाढवले. ते तिला अम्मी म्हणतात, आणि नातवंडे आता तिला दादी म्हणणार. फिरऔनची बायको हजरत आसिया यांनी नदीतून आलेले परके मूल वाचवले, घरात वाढवले. आमच्या मेहुण्याने लहानपणापासून ही गोष्ट दादीच्याच तोंडून ऐकलेली. मुलगी झाली तर हेच नाव, असे त्यांच्या मनात पक्के होते.

शनिवारी संध्याकाळी भिवंडीहून फुफीचा फोन आला. फुफी शिकलेल्या, दर्सला जाणाऱ्या. म्हणाल्या, "हे नाव नका ठेवू. याचा अर्थ नाफरमान. हदीसमध्ये आहे, रसूलुल्लाह (स.) यांनी हे नाव बदललं होतं." घर एकदम गप्प झाले. दादी काही बोलली नाही, नुसती उठून आत गेली. तिला वाटले, आपल्यापायी पोरीला वाईट नाव मिळतेय. बहिणीने रात्री आम्हाला फोन केला. "आपा, दुल्हाभाई, तुम्हीच बघा. चौकट उद्या छापायला द्यायचीय."

फुफी खोटे बोलत नव्हत्या. सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्याकडून आलेली रिवायत आहे. एका स्त्रीचे नाव आसिया होते. ते बदलून प्रेषितांनी (स.) तिचे नाव जमीला ठेवले. दुसऱ्या रिवायतीत येते की ती हजरत उमर (रजि.) यांची मुलगी होती. म्हणजे हदीस खरी, नाव बदलल्याची गोष्टही खरी. आणि दुसरीकडे सहीह बुखारीमध्ये ज्या स्त्रियांचा दर्जा प्रेषितांनी (स.) फार उंच सांगितला, त्यांत हजरत मरियम यांच्यासोबत फिरऔनच्या पत्नीचे नाव येते, तेही आसिया. एकच नाव एकीकडे बदलले जाते आणि दुसरीकडे गौरवाने घेतले जाते, असे कसे होईल?

उत्तर मराठी अक्षरांत सापडत नाही, कारण मराठीत ही दोन्ही नावे हुबेहूब एक दिसतात. उर्दूत लिहिली की एका नजरेत वेगळी होतात. म्हणून रविवारी सकाळी कल्याणला पोहोचल्यावर आम्ही पहिले काम केले ते दादीपुढे कागद आणि पेन ठेवण्याचे. तिला म्हटले, "अम्मा, तुम्ही हे नाव उर्दूत कसं लिहाल ते लिहून दाखवा." अर्थ आम्ही विचारलाच नाही. दादी चौथीपर्यंत उर्दू शिकलेली. तिने लिहिले: अलिफ, त्यावर मद, मग सीन, ये आणि छोटी हे.

जे नाव बदलले गेले, त्याची अक्षरे अशी: ऐन, अलिफ, स्वाद, ये, हे. पहिले अक्षर वेगळे, 'स' वेगळा. अरब माणूस बोलताना ऐन घशातून काढतो आणि स्वाद जड उच्चारतो, त्यामुळे त्याच्या कानाला ही दोन नावे कधीच एक वाटत नाहीत. आपण उर्दू बोलताना ऐन आणि अलिफ सारखेच म्हणतो, सीन आणि स्वादही सारखेच. मराठीत उतरवताना तर उरलासुरला फरकही जातो. नुक्ता लावूनही उपयोग नाही. नुक्ता 'ज' आणि 'क' यांना मदत करतो, 'स'ला करत नाही.

आता अर्थ. अरबी शब्द साधारण तीन मूळ अक्षरांवर उभा असतो आणि त्या अक्षरांना एका साच्यात ओततात. साजिदा, आबिदा, राशिदा ही नावे एकाच साच्यातली आहेत. हा साचा 'ते काम करणारी' असे सांगतो: सजदा करणारी, इबादत करणारी, सरळ वाटेने चालणारी. दोन्ही आसिया याच साच्यातल्या आहेत, म्हणून त्यांचा आवाज इतका सारखा. पण मूळ अक्षरे वेगळी. ऐन-स्वाद-ये हे मूळ आज्ञा मोडण्याचे. आपण 'मासियत' म्हणतो, दुआत स्वतःला 'आसी' म्हणतो, ते याच मुळातून. दादीने लिहिलेल्या शब्दाचे मूळ हमजा-सीनचे आहे. जुन्या अरबी कोशांत या मुळाखाली जखमेवर इलाज करणे असा अर्थ येतो. त्या हिशेबाने आसिया म्हणजे इलाज करणारी, शुश्रूषा करणारी. याच शब्दाचा आणखी एक अर्थ कोशात आहे: पायापासून पक्का बांधलेला खांब. आणि याच मुळाजवळ दुःखाचा अर्थही आहे, म्हणून काही याद्यांत 'दुःखी' असे छापलेले दिसते.

कोश बघणाऱ्याने इथे एक सावधगिरी ठेवावी. अरबी कोश बहुधा मुळाच्या क्रमाने लावलेले असतात. 'आसिया' शब्द ऐकून शोधायला गेलात, तर आधी मूळ ठरवावे लागते, आणि मूळ अक्षरांशिवाय ठरत नाही. म्हणजे ज्याने फक्त मराठी किंवा इंग्रजी अक्षरांत नाव वाचले आहे, तो कितीही मोठा कोश उघडून बसला तरी चुकीच्या पानावर जाऊ शकतो. फुफींचे तेच झाले होते. त्यांना नाव आले होते मोबाइलवर, इंग्रजी अक्षरांत.

आम्ही फुफींना दादीच्या हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला. "अलिफवाली आसिया का? मग माझा काही एतराज नाही. मी ऐनवाली समजले होते." मोहल्ल्यातल्या मौलानांनाही आम्ही विचारले. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, नाव ठेवणाऱ्याने जे लिहिले आणि ज्यांच्या आठवणीने लिहिले, तेच नाव आहे. जिभेवर ते दुसऱ्या शब्दासारखे वाजते, एवढ्याने ते बदलायची गरज नाही. उर्दूत मात्र बरोबर लिहा.

असा गोंधळ एकट्या आसियाचा नाही. अलीम हे नाव घ्या. ऐनने लिहिले तर जाणणारा, इल्मवाला. अलिफने लिहिले तर वेदना देणारा. कुरआनात अजाबाच्या वर्णनात येणारा शब्द तो हाच. सना 'से' या अक्षराने लिहिली तर स्तुती, हम्द-ओ-सनामधली. सीनने लिहिली तर प्रकाश. नाजिया जीमने लिहिली तर सुटका झालेली, नजात मिळालेली. जेने लिहिली तर फारसी 'नाज'वरून आलेली. सना आणि नाजिया यांच्यात दोन्हीकडे चांगलेच अर्थ आहेत, पण चौकटीवर उर्दूत एक शब्द आणि खाली दुसऱ्याचा अर्थ, असे झाले की वाचता येणारा माणूस तिथेच थांबतो.

अक्षरांचे निस्तरले, तरी मजकूर अजून लिहायचाच होता. घरातल्या तरुण पोरांनी एक मसुदा करून ठेवला होता: 'आसिया: कुरआनातील पवित्र नाव. अर्थ: राणी.' दोन ओळींत दोन गोष्टी तपासण्यासारख्या. हजरत आसिया यांचा प्रसंग कुरआनात नक्कीच आहे. सूरह कससमध्ये त्या बाळाला मारू नका म्हणतात, हे मूल आपल्या डोळ्यांना थंडावा देईल अशा आशयाचे बोलतात. सूरह तहरीममध्ये त्यांची दुआ आहे, जन्नतमध्ये अल्लाहजवळ घर मागणारी. पण दोन्ही ठिकाणी त्यांचा उल्लेख 'फिरऔनची पत्नी' असा आहे. आसिया हे नाव कुरआनात येत नाही, ते हदीसमधून कळते. म्हणून 'कुरआनातील नाव' असे लिहिता येत नाही. 'कुरआनात ज्यांचा प्रसंग आहे त्यांचे नाव' असे लिहिता येते. आणि राणी हा शब्दाचा अर्थ नव्हे. त्या राणी होत्या, ही त्यांची ओळख झाली.

शब्दाच्या अर्थाबद्दलही आम्ही हात आखडता ठेवला. इलाज करणारी हा अरबी शब्दाचा अर्थ आहे. हजरत आसिया मिसरच्या. त्यांच्या आईवडिलांनी अरबी कोश पाहून नाव ठेवले असणार नाही. त्यांच्या नावाचा त्यांच्या भाषेत काय अर्थ होता, हे अरबी मुळावरून ठरवता येत नाही. म्हणून मजकुरात 'अरबीत या शब्दाचा एक अर्थ' एवढेच लिहायचे ठरवले. सर्वांत वर व्यक्ती, मग शब्द, शेवटी घरचे कारण, असा क्रम ठेवला. ज्या नावाला मोठी व्यक्ती आहे, तिथे हाच क्रम बरा. साजिदासारखे नाव असेल तर शब्दाचा अर्थ आधी घ्यावा.

आमचा पहिला मसुदा असा झाला: 'फिरऔनच्या महालात राहूनही ईमान जपणाऱ्या आणि हजरत मूसा (अ.) यांचा जीव वाचवणाऱ्या हजरत आसिया यांच्या नावावरून. त्यांचा प्रसंग कुरआनात आहे, नाव हदीसमध्ये. अरबीत या शब्दाचा एक अर्थ: जखमेची शुश्रूषा करणारी. हे नाव वडिलांनी ठेवले, आपल्याला वाढवणाऱ्या आईसाठी.'

मेहुण्याने वाचले आणि मान हलवली. दादीला वाचून दाखवले, तेव्हा शेवटच्या ओळीवर तिने हात वर केला. "ही ओळ काढा."

आम्हाला वाटले, तिला संकोच वाटतोय. तिचे म्हणणे वेगळेच होते. "माझी बहीण काय झाली? तिने याला नऊ महिने पोटात ठेवलं, आठ महिने पाजलं. तिचं काय याने वाईट केलं, की चौकटीवर मी एकटीच राहिले? लोक वाचतील, तिच्या माहेरचे वाचतील." खोलीत कोणालाच बोलता येईना. मेहुणे खाली बघत बसले. ज्या आईला त्यांनी कधी पाहिल्याचे आठवत नाही, तिच्या वतीने भांडत होती ती त्यांना वाढवणारी आई.

मग दादीनेच पुढे सांगितले. "मूसा (अ.) यांना दोन आया होत्या ना? एकीने पाण्यात सोडलं, एकीने पाण्यातून उचललं. आणि दूध तर शेवटी सख्ख्या आईनेच पाजलं. अल्लाहने दोघींचीही गोष्ट ठेवली." तिचे बरोबर होते. सूरह कससमध्येच येते की बाळाने कोणत्याही दाईचे दूध घेतले नाही आणि अखेर त्याला त्याच्या आईकडेच परत दिले गेले. आसियांची गोष्ट सांगायची तर ती मूसांच्या आईला वगळून सांगता येत नाही. नाव निवडताना मेहुण्यांच्या मनात एक स्त्री होती. दादीने त्याच नावात दुसरी दाखवून दिली.

शेवटची ओळ बदलली: 'हे नाव वडिलांनी ठेवले, आपल्या दोन्ही आयांच्या आठवणीने.' दादी म्हणाली, "मी अजून जिवंत आहे, आठवणीने काय?" सगळे हसले, आणि 'आठवणीने'च्या जागी 'प्रेमाखातर' आले.

दुपारी छपाईवाल्याकडे गेलो. इथे उर्दू न वाचता येणाऱ्यांसाठी एक सोपी खूण सांगून ठेवतो, कारण नाव बिघडण्याची दुसरी जागा हीच. फ्लेक्स आणि कार्ड बनवणाऱ्या दुकानांत कारागिराला बहुधा उर्दू येत नाही. तो नाव इंग्रजीत टाइप करून त्याचे उर्दू करून घेतो. आमच्यासमोर पहिल्या वेळी जे आले, ते 'एशिया' होते, खंडाचे नाव. दुसऱ्या वेळी अक्षरे बरोबर आली पण सुटी सुटी, आणि डावीकडून सुरू झालेली. बरोबर लिहिलेल्या आसियाचे दोनच तुकडे दिसतात. उजवीकडे एक उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर लहानशी लाट, तो मदवाला अलिफ. त्याच्या डावीकडे सीन, ये आणि हे हे तिन्ही एकमेकांना जोडलेले. चार तुकडे दिसले तर अक्षरे तुटली आहेत. लाट नसेल तर मद गेला आहे. आणि उजवीकडचे पहिले अक्षर उभ्या रेघेऐवजी वळलेल्या तोंडाचे दिसले तर तो ऐन, म्हणजे दुसरेच नाव. शेवटी आम्ही दादीच्याच हातचा कागद स्कॅन करून चौकटीत बसवायला सांगितले. अक्षर थोडे थरथरते आले, पण त्यात चूक निघायला जागा नव्हती.

सोमवारी अकीका झाला. फुफी भिवंडीहून आल्या, चौकट पूर्ण वाचली, आणि दादीच्या शेजारी जाऊन बसल्या. दादीच्या बहिणीच्या माहेरची दोन माणसे आली होती. त्यांतल्या म्हाताऱ्या मामूंनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली, मग चष्मा काढून पुसत राहिले.

चौकट भिंतीवर लागली की काम संपले असे घरच्यांना वाटते. आम्ही शाळेत दाखले भरणारी माणसे, म्हणून बहिणीला आणखी एक काम सांगितले: महापालिकेच्या जन्म नोंदीत नाव घालणे. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते आणि दवाखान्यात झालेल्या बाळाची माहिती दवाखाना कळवतो, पण तेव्हा नावाची जागा बहुधा कोरीच असते. नाव नंतर घालता येते. नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत त्याला शुल्क लागत नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. पण घाई करण्याचे कारण वेगळे आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच चालतो. त्यावर नाव जसे चढेल तसे ते पुढे सगळीकडे जाते, आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येही.

दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजीत असते, उर्दूत नाही. म्हणजे सीन आणि स्वादाचा फरक तिथे पोहोचत नाही. तिथे दुसऱ्या चुका होतात. मराठीत 'आसिया'चे 'असिया' किंवा 'आसीया' होते. इंग्रजीत मधला वाय गळला की पुन्हा ते खंडाचे नाव होते, आणि वर्गात पोरे त्यावरून चिडवतात. म्हणून अर्जासोबत देण्याच्या कागदावर बहिणीने नाव दोन्ही लिपींत स्वच्छ अक्षरांत लिहिले, इंग्रजीत ए, एस, आय, वाय, ए, आणि दाखला हातात आल्यावर खिडकीवरून हलण्याआधी एकेक अक्षर तपासले.

उर्दूतले खरे नाव मात्र दाखल्यावर कुठेच नाही. ते फक्त त्या चौकटीवर आहे, दादीच्या हातचे. मुलगी मोठी झाल्यावर कोणी तिला म्हणाले की तुझ्या नावाचा अर्थ नाफरमान, तर तिने वाद घालू नये. भिंतीकडे बोट दाखवावे आणि म्हणावे, पहिले अक्षर वाचा.